एचडीपीई पाइपलाइन : किती किलोचा पाइप घ्यायचा, आणि जोड पक्का झाला हे कसं ओळखायचं?



उन्हाळा लागला की आपल्या नांदगाव पेठ भागात पाइपलाइनची कामं निघतात. विहिरीवरून टाकीत किंवा नाल्याकाठून वरच्या वावरात पाणी न्यायचं असतं. या मोसमात सभासदांचे दोनच प्रश्न जास्त आले. "सहा किलोचा पाइप चालेल का?" आणि "जोड मारणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?" दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून एकाच मेसेजमध्ये उत्तर देतो. मेसेज मोठा आहे, पण पाइप घ्यायच्या आधी पूर्ण वाचा.

*१) एचडीपीईच का?*

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. त्या ओढाताणीत रबर रिंगचा किंवा सोल्युशनने चिकटवलेला जोड सरकतो. एचडीपीईचा फ्यूजन जोड मात्र चिकटवलेला नसतो. दोन्ही टोकं वितळवून एकमेकांत दाबलेली असतात. जोड नीट झाला तर तो पाइपाइतकाच मजबूत असतो आणि सगळी लाइन एकाच लांब पाइपासारखी मातीसोबत वाकते. पण जोड घाईत मारला, तर तोच लाइनमधला सर्वात कच्चा भाग होतो.

*२) किती किलोचा पाइप? आधी हिशोब करा*

पाइपावर पीएन ६, पीएन ८, पीएन १० असं छापलेलं असतं. त्यालाच आपण सहा किलो, आठ किलो म्हणतो. एक किलो प्रेशर म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब.

आता एक उदाहरण घेऊ. चार शेतकऱ्यांनी मिळून ९० मिमीची, ११०० मीटर लाइन टाकायची ठरवली. विहिरीतलं पाणी काठापासून १० मीटर खाली आहे. टाकीचं तोंड विहिरीच्या काठापेक्षा ४० मीटर उंच, टेकाडावर आहे. विहिरीपासून थोडं पुढे लाइन नाला ओलांडते आणि तिथे ती काठापेक्षा ८ मीटर खाली जाते. सेकंदाला ४ लिटर पाणी न्यायचं आहे. एवढ्या पाण्यासाठी एवढ्या लांबीत घर्षणाला साधारण ११ मीटर लागतात.

मोटरचा हिशोब असा : १० + ४० + ११ = ६१ मीटर हेड. दुकानदार हा आकडा ऐकून म्हणतो, "सहा किलोचा घ्या, पुरते." चूक इथेच होते. मोटरला लागणारं हेड वेगळं आणि पाइपावर येणारा दाब वेगळा. पाइपाचा क्लास ठरवताना लाइनमधली *सर्वात खोल जागा* पाहायची. आपल्या उदाहरणात ती जागा नाल्यात आहे. तिथे तीन प्रसंग तपासा.

▪️ मोटर चालू, पाणी टाकीत पडतंय : नाल्यापासून टाकी ४८ मीटर उंच. पुढच्या लांबीचं घर्षण साधारण १० मीटर. एकूण ५८ मीटर, म्हणजे ५.८ किलो.

▪️ मोटर चालू, पण टाकीजवळचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केला : आता पाणी वाहत नाही आणि मोटर आपला पूर्ण दाब लावते. हा आकडा मोटरच्या कंपनीच्या तक्त्यात 'शून्य डिस्चार्जचं हेड' म्हणून दिलेला असतो. आपण घेतलेल्या मोटरचा तो ८० मीटर आहे असं धरू. विहिरीत पाणी १० मीटर खाली आहे म्हणून काठावर ७० मीटर उरतात. नाला त्याहून ८ मीटर खाली आहे, म्हणून तिथे ७८ मीटर. म्हणजे ७.८ किलो!

▪️ चालू मोटरची लाइट अचानक गेली : वर चढणारं पाणी थांबतं, उलटं फिरतं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर येऊन आदळतं. ते चढत होतं त्याच वेगाने परत आलं, तर या पाइपात साधारण २४ मीटरचा जादा झटका बसू शकतो. ४८ + २४ = ७२ मीटर, ७.२ किलो. आपल्याकडे लाइट दिवसातून किती वेळा येते-जाते, हे तुम्हाला सांगायला नको. हा झटका प्रत्येक वेळी बसतो.

म्हणजे सहा किलोचा पाइप नाल्यात बाद. आठ किलोचा कागदावर बसतो, पण ७८ ला ८० म्हणजे हाती काहीच उरत नाही. त्यात गरमीचा मुद्दा आहे. हा पाइप तापला की नरम पडतो. २० अंशाला जी ताकद असते, त्याच्या साधारण पाऊणच ताकद ४० अंशाला उरते. मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या काळ्या पाइपाचं काय होत असेल ते समजून घ्या. म्हणून या लाइनला नाल्याच्या भागात *दहा किलोचा* पाइप घ्यायचा आणि तो मातीखाली गाडायचा.

सगळी लाइन दहा किलोची लागते का? नाही. नाल्यापेक्षा २५ मीटर वर चढल्यावर व्हॉल्व्ह बंद असतानाही ७८ वजा २५, म्हणजे ५३ मीटरच दाब राहतो. तिथून वर गाडलेला सहा किलोचा पाइप चालतो आणि पैसे वाचतात.

⚠️ पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दहा किलोच्या आणि सहा किलोच्या पाइपाची भिंत वेगवेगळ्या जाडीची असते. *ही दोन टोकं एकमेकांना गरम करून जोडायची नाहीत.* पातळ भिंत आधी जास्त वितळते, जाड भिंत कमी, आणि जोड एका बाजूने कच्चा राहतो. जिथे क्लास बदलतो तिथे दोन्ही बाजूंना स्टब एंड लावून फ्लँजने नट-बोल्टमध्ये जोडा.

*पाइप घेताना* त्यावर आयएस ४९८४, पीई १००, पीएन आणि एसडीआर छापलेलं आहे का ते पाहा. मग व्हर्नियरने भिंत मोजा. बाहेरचा व्यास भागिले एसडीआर म्हणजे भिंतीची कमीत कमी जाडी. ९० मिमी आणि एसडीआर १३.६ असेल तर ६.६ मिमी. चार-पाच ठिकाणी मोजा. कुठेही कमी भरली तर तो पाइप परत करा.

*३) जोड मारताना जवळ उभे राहा*

खालचे आकडे ६.६ मिमी भिंतीच्या ९० मिमी पाइपासाठी आहेत. जाडी बदलली की वेळही बदलतो.

१. दोन्ही टोकं मशीनमध्ये घट्ट पकडून फेसरने सोलायची. दोन्हीकडून सलग, न तुटणारी साल निघेपर्यंत सोलायचं. सोललेल्या तोंडाला नंतर हात लावायचा नाही. घामाचा, तेलाचा डाग म्हणजे कच्चा जोड.

२. टोकं समोरासमोर आणून पाहा. एका पाइपाची कड दुसऱ्याच्या बाहेर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त दिसायला नको.

३. हीटर प्लेट २१० ते २२० अंशांवर हवी. व्होल्टेज पडलं की प्लेट थंड होते, म्हणून प्रत्येक जोडाआधी काट्यावर तापमान पाहायचं. वारा सुटला असेल तर ताडपत्रीचा आडोसा करा आणि पाइपाची लांबची टोकं बंद करा. नाहीतर पाइपातून वारा वाहून जोड आतून थंड होतो.

४. टोकं प्लेटवर दाबायची. सगळीकडे सुमारे एक मिमीची वितळलेली कड उठली की जोर सोडायचा, फक्त टेकवून ठेवायचं. इथून भिंतीच्या दर मिमीला १० सेकंद, म्हणजे आपल्याला साधारण ६६ सेकंद. बरेच जण इथेही दाबतच राहतात. त्याने वितळलेला माल बाहेर जातो आणि जोडायला आत काहीच उरत नाही.

५. प्लेट काढून टोकं भिडवायची. यात पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला की तोंडावर साय धरते आणि आत 'थंड जोड' तयार होतो. भिडवताना आपटायचं नाही, हळूहळू जोर वाढवायचा. या पाइपाला साधारण २६ किलो वजनाएवढा जोर लागतो. पाइप ओढायला जो जोर लागतो तो वेगळा धरायचा.

६. त्याच दाबाखाली *१० मिनिटं* हात लावायचा नाही. वरून पाणी ओतून थंड करणं बिलकुल नको.

*४) जोड चांगला की वाईट?*

चांगल्या जोडावर गोल फिरून दोन सारख्या वळ्या दिसतात आणि दोन्ही वळ्यांमधली खाच पाइपाच्या पातळीच्या वरच असते. एका बाजूला वळी जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक, खाच पाइपाच्या आत गेलेली, किंवा वळीला बुडबुडे असं दिसलं तर जोड कापून नव्याने मारायला सांगा.

मात्र थंड जोड वरून अगदी देखणा दिसू शकतो. मागच्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या वावरात अशीच लाइन नाल्यात सुटली. वळी गोल, सारखी होती. पण उघडलेलं तोंड काचेसारखं गुळगुळीत निघालं. टोकं वितळली होती, एकमेकांत मिसळलीच नव्हती. माती टाकून झालेली होती, त्यामुळे कपाशीच्या ऐन पेरणीत दहा फूट चिखल उपसावा लागला.

म्हणून *पहिला जोड तोडून पाहायचाच.* थंड झाल्यावर जोडासकट बोटभर रुंदीची उभी पट्टी कापा आणि जोडावर उलटी वाकवा. जोडावरच चिरून गुळगुळीत तोंड दिसलं तर मशीन, तापमान किंवा माणसाची पद्धत चुकते आहे. ती सुधारल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. एक हातभर पाइप जाईल, जाऊ द्या.

दुसरी खूण अजून सोपी आहे. *दिवसाचे जोड मोजा.* सहा मीटरचे पाइप घेतले तर ११०० मीटरला १८३ जोड येतात. सोलणं, तापवणं आणि १० मिनिटं थंड करणं मिळून एका जोडाला किमान १५ मिनिटं लागतात. एका मशीनवर आठ तासांत ३० च्या आसपास जोड झाले तर काम नीट चाललं आहे. "दिवसाला साठ मारून देतो" म्हणणारा माणूस थंड करायचा वेळ खातो आहे. बारा मीटरचे पाइप मिळाले तर जोड निम्मे होतात, म्हणून आधी तेच विचारा.

*५) माती टाकायच्या आधी*

जोड उघडे ठेवूनच लाइन भरा. हळूहळू भरा, वरच्या टोकाने हवा निघू द्या, मग वरचा व्हॉल्व्ह बंद करून नाल्याजवळच्या गेजवर दाब पाहा. सुरुवातीला काटा थोडा उतरतो, कारण पाइप ताणला जातो. त्याला गळती समजू नका. पुन्हा दाब भरा, आणि तरीही उतरतच राहिला तर एकेक जोड तपासा.

पाइप चरात थोडा नागमोडी टाका आणि माती सकाळी थंड वेळेला लोटा. १०० मीटर पाइप २५ अंशांनी थंड झाला तर साधारण ४५ सेंमी आखडतो. दुपारी ताणून गाडलेला पाइप रात्री जोडांनाच ओढतो.

ज्यांची लाइन या महिन्यात टाकायची आहे त्यांनी विहिरीची पाणीपातळी, टाकीची उंची, सर्वात खोल जागा, लांबी आणि मोटरच्या तक्त्याचा फोटो मला पाठवा. पाइप घ्यायच्या *आधी* पाठवा, म्हणजे हिशोब करून क्लास सांगता येईल.

— कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नांदगाव पेठ