करारात न लिहिलेली तारीख

नाशिकला गंगापूर रोडवर भाचीने फ्लॅट भाड्याने घेतला. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारातल्या कलमाचा स्क्रीनशॉट तिने तारखांची यादी करण्यासाठी मला पाठवला. मुदत १० जून २०२५ पासून ११ महिने, भाडं बारा हजार, डिपॉझिट चाळीस हजार.

चित्रातली अक्षरं ओळखणारी टेसरॅक्ट ही मोफत प्रणाली मराठी वाचते:

```
tesseract karar.png karar -l mar+eng
```

दोन-तीन सेकंदांत सगळं कलम मजकूर होऊन समोर आलं. फक्त भाड्याच्या जागी `12,000/-` ऐवजी `12,0001-` दिसत होतं. तिरकी रेघ एक झाली होती! गंमत बघा, रकमेपुढे कोणी जादा आकडा घालू नये म्हणून आपण ती रेघ मारतो, आणि इथे तीच आकडा होऊन बसली. पण चूक लपली नाही. आपल्या पद्धतीत शेवटच्या स्वल्पविरामानंतर तीनच अंक येतात, इथे चार होते. शिवाय पुढेच ‘अक्षरी रुपये बारा हजार मात्र’ होतं. जुन्या कारकुनांची ही अक्षरी रकमेची सवय आज यंत्राचीही चूक पकडते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

रकमा झाल्या, आता तारखा. अकरा महिने म्हणजे ९ मे २०२६, १० मे नव्हे, कारण पहिला दिवसही मोजायचा. सहा महिन्यांचं लॉक-इन ९ डिसेंबर २०२५ ला संपतं. यातली एकही तारीख कलमात लिहिलेली नाही. तिथे आहे फक्त सुरुवातीचा दिवस आणि महिन्यांची संख्या, बाकी सगळं त्यातूनच उगवतं.

खरी गाठ नोटिशीपाशी होती. वाक्य असं: ‘६ महिन्यांच्या लॉक-इननंतर १ महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपुष्टात आणता येईल.’ यातलं ‘नंतर’ कशाला लागतं? करार संपण्याला लागत असेल तर १० नोव्हेंबरला नोटीस देऊन ९ डिसेंबरला घर सोडता येतं. नोटीस देण्याला लागत असेल तर १० डिसेंबरला नोटीस आणि ९ जानेवारीला निरोप. एका शब्दात एका महिन्याचं, म्हणजे बारा हजारांचं अंतर! हे कोणतंही यंत्र ठरवू शकत नाही. भाचीने घरमालकांना मेसेज करून विचारलं. त्यांनी दुसरा अर्थ सांगितला, तोच यादीत गेला.

शेवटच्या तारखेची आठवण मात्र महिनाभर आधी, ९ एप्रिललाच लावली. मुदत संपूनही घर न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. डिपॉझिटची नोंद घर सोडण्याच्या दिवसापुढे केली, कारण चावी आणि ते पैसे एकाच वेळी हातबदल व्हायचे आहेत.

तुम्ही अशी यादी कराल तेव्हा प्रत्येक तारखेखाली करारातलं मूळ वाक्यही चिकटवा.