अक्षरांचा काळा आणि कव्हरचा काळा

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेचे पहिले छापील फॉर्म हातात आले तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. अक्षरं होती काळीच, पण प्रत्येक शिरोरेषेच्या वर एक गुलाबी किनार आणि वेलांटीच्या पोटात निळसर सावली. मजकूर वाचता येत होता, तरी पान धुरकट दिसत होतं. एखाद्याने ओल्या पानावरून अलगद बोट फिरवावं तसं. त्याच स्मरणिकेचं कव्हर समोर पडलं होतं. त्यावरचा काळा पट्टा मात्र उलट्या बाजूने फसला होता. तो काळा नव्हताच, पाटीवर खडू पुसल्यानंतर उरतो तसा करडा दिसत होता.

मशीनमनने काही न बोलता माझ्या हातात भिंग दिलं. मग म्हणाला, "साहेब, आतल्या पानांत चार रंगांचा काळा आलाय आणि कव्हरला एकाच रंगाचा. नेमकं उलटं पाहिजे होतं."

हे उलटं का झालं, ते समजायला रंगीत छपाई कशी चालते हे थोडं पाहावं लागतं. ऑफसेट मशीनवर रंगीत पान चार शाईंतून उभं राहतं: सायन म्हणजे आकाशाकडे झुकणारा निळा, मॅजेंटा म्हणजे राणी रंगाजवळचा गुलाबी, पिवळा आणि काळा. प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते. कागद एकामागून एक चार युनिटांमधून जातो आणि चारही ठसे एकमेकांवर बसतात. फिकट-गडद छटा शाई पातळ करून मिळत नाहीत, कारण प्लेटला फक्त दोनच गोष्टी कळतात, शाई लावणं किंवा न लावणं. म्हणून छटा बारीक ठिपक्यांनी साधतात. ठिपके मोठे केले की रंग गडद, लहान केले की फिकट. चांगल्या छपाईत एका इंचात साधारण १७५ ठिपक्यांच्या ओळी असतात, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.१५ मिलिमीटरहूनही थोडं कमी.

या चारांत काळी शाई कशाला, असाही प्रश्न पडतो. निळा, गुलाबी आणि पिवळा एकत्र आले की काळा व्हायला हवा. पण खऱ्या शाई पूर्ण शुद्ध रंगांच्या नसतात, त्यामुळे तिघांची बेरीज काळ्याऐवजी गढूळ तपकिरी येते. शिवाय तीन शाईंच्या जागी एक वापरली की खर्चही वाचतो आणि पान लवकर वाळतं. म्हणून चौथी काळी.

आता माझ्या चुकीकडे. मजकूर मी वर्डमध्ये टाइप केला होता. स्क्रीनवर काळा म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही प्रकाश बंद, तिथे शाईचा प्रश्नच येत नाही. पण तीच फाइल छपाईसाठी चार शाईंत बदलली जाते, तेव्हा सॉफ्टवेअरला तो काळा अक्षरांचा आहे की फोटोतल्या सावलीचा, हे कळतंच असं नाही. ते प्रामाणिकपणे "जमेल तितकं गडद" असं मिश्रण करून देतं. फोटोशॉपमध्ये `U.S. Web Coated (SWOP) v2` ही नेहमीची मांडणी असेल तर काळ्याचे आकडे असे येतात: सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९०. बेरीज ३०० टक्के. फोटोतल्या काळ्या केसांना हे मिश्रण उत्तम आहे. अक्षराला मात्र ते दोन प्रकारे बाधतं.

पहिली बाधा ठिपक्यांची. काळा ९० टक्के म्हणजे काळ्या प्लेटवरसुद्धा सलग शाई नाही, दहा टक्के भोकं आहेत. अकरा पॉइंटच्या अक्षराची शिरोरेषा जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिच्या जाडीत ठिपक्यांच्या दोन ओळीही धड मावत नाहीत. अशा रेषेची कड सरळ येणार कुठून? ती करवतीच्या पात्यासारखी दातेरी येते. १०० टक्के काळ्यात ठिपकेच नसतात. प्लेटवर अक्षराचा आकार सलग कापलेला असतो आणि कड नीट उठते.

दुसरी बाधा जुळणीची, प्रेसच्या भाषेत रजिस्टरची. चार प्लेटा एकाच जागी बसाव्या लागतात. उत्तम मशीनवर, चांगल्या माणसाच्या हाताखालीसुद्धा एक दशांश मिलिमीटरचा फरक राहू शकतो. फोटोत तो कुणाला दिसत नाही. पण पाव मिलिमीटरच्या शिरोरेषेला तो जवळजवळ निम्म्या जाडीएवढा होतो. मॅजेंटा एवढासा वर सरकला की शिरोरेषेवर गुलाबी कड दिसते. सायन उजवीकडे सरकला की काना, मात्रा, वेलांटी सगळ्यांच्या उजवीकडे निळी सावली पडते. देवनागरीत हे जास्त बोचतं. अनुस्वाराचा टिंब, रफार, जोडाक्षरातल्या अरुंद पोकळ्या, सगळं बारीक असतं. त्या पोकळ्यांत रंग शिरला की 'ष' आणि 'प' वेगळे काढायला डोळ्याला कष्ट पडतात.

मला वाटलं, मशीनमनने जरा नीट जुळवलं असतं तर झालं असतं. त्याने ताव पसरून दाखवला. मधल्या पानांवर किनार जवळजवळ नव्हती, टोकाच्या पानांवर ठळक होती. ऑफसेटमध्ये शाईबरोबर पाणीही वापरतात. कागद ते पितो आणि एका युनिटपासून दुसऱ्यापर्यंत जाताना किंचित पसरतो, तोही शेपटाकडे जास्त. त्यामुळे एक कोपरा जुळवला की दुसरा सुटतो. एकाच प्लेटवर छापलेल्या अक्षराला मात्र दुसऱ्या कुणाशी जुळायचंच नसतं. कागद केसभर पसरला तर अख्खं अक्षर केसभर सरकेल, पण सावली पडणार नाही.

चूक घरी का लक्षात आली नाही, याचंही कारण आहे. मी प्रूफ रंगीत लेझर प्रिंटरवर काढलं होतं. असे बरेचसे प्रिंटर काळा मजकूर दिसला की मुकाट्याने फक्त काळ्या टोनरने छापतात. त्यामुळे प्रूफ लखलखीत आलं. फाइलमधलं दुखणं प्रेसपर्यंत दिसलंच नाही.

ते आधी पकडायचा उपाय सोपा आहे. पीडीएफ अॅक्रोबॅट प्रो मध्ये उघडायची आणि `Output Preview` मध्ये चार शाईंचे रकाने पाहायचे. कर्सर अक्षरावर नेला की टक्के दिसतात. मजकुरावर तीन शून्य आणि `Black` १०० एवढंच हवं. त्याहून सोपं म्हणजे तिथे काळ्याची खूण काढून टाकायची. मजकूर नाहीसा झाला तर सगळं ठीक. मागे रंगीत भूत उरलं तर पान पुन्हा प्रेसच्या मांडणी करणाऱ्याकडे. त्याने माझ्या फाइलमध्ये सगळा मजकूर इनडिझाइनमध्ये घेऊन `[Black]` या नमुन्याला बांधला. या नमुन्याचा आणखी एक फायदा आहे. तो खालच्या रंगावर थेट छापतो, खालचा रंग कापून जागा करत नाही. त्यामुळे पिवळ्या चौकटीतल्या अक्षरांभोवती जुळणी हलल्यावर दिसणारी पांढरी फट येत नाही.

आता कव्हर. इथे पट्टा साध्या १०० टक्के काळ्याचा होता आणि तो करडा दिसत होता. कारण शाईचा थर फारच पातळ असतो, साधारण एका मायक्रॉनचा. तो सगळा प्रकाश गिळू शकत नाही, काही परत येतोच. छपाईत उजळपणा मोजायची एक पट्टी आहे. तिच्यात शून्य म्हणजे पूर्ण काळोख आणि शंभर म्हणजे शुभ्र. आर्ट पेपरवर साध्या काळ्याचं मोजमाप १६ च्या आसपास येतं. शाई शोषून घेणाऱ्या वर्तमानपत्राच्या कागदावर ते ३६ पर्यंत जातं, म्हणूनच रोजच्या पेपरातला काळा आपल्याला करडा भासतो. अक्षरात हा फरक जाणवत नाही, कारण अक्षर पांढऱ्या कागदात वेढलेलं असतं आणि त्या मानाने काळंच वाटतं. पण तळहाताएवढा पट्टा झाला, आणि शेजारी चार शाईंच्या गडद सावल्या असलेला फोटो आला, की साधा काळा उघडा पडतो. आमच्या कव्हरवर अगदी असंच झालं होतं.

तिथे हवा असतो रिच ब्लॅक, म्हणजे पूर्ण काळ्याखाली इतर शाईंचं अस्तर. आमच्या कव्हरला सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० आणि काळा १०० असं घेतलं. काळ्यातून जो प्रकाश निसटतो तो खालच्या थरांत अडतो. काळ्या शाईत राहिलेली सूक्ष्म भोकंही झाकली जातात. नुसतं ६० टक्के सायन घातलं तर काळा थंड आणि निळसर वाटतो, मॅजेंटा वाढवला तर उबदार.

मग चारही शंभर का नाही? बेरीज ४०० होते आणि एवढी ओली शाई कागद पेलत नाही. ती वाळत नाही, वर पडलेल्या पुढच्या तावाच्या पाठीला लागते, घडी घातली की तडकते. आर्ट पेपरला सुमारे ३०० टक्के, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या आसपास मर्यादा असते. नेमका आकडा प्रेसला विचारूनच घ्यावा. चारही शंभरचा रंग सॉफ्टवेअरमध्ये `[Registration]` नावाने दिसतो. तो फक्त कापायच्या आणि जुळणीच्या खुणांसाठी असतो. स्क्रीनवर तो नेहमीच्या काळ्यासारखाच दिसतो, म्हणून नवखी माणसं त्याने पट्टे भरतात.

रिच ब्लॅकचाही एक अडथळा आमच्या कव्हरवर होताच. काळ्या पट्ट्यात सोसायटीच्या संस्थापक सभासदांची नावं पांढऱ्या, बारीक अक्षरांत होती. पांढरं अक्षर म्हणजे चारही प्लेटांवरची मोकळी जागा. एक प्लेट हलली की त्या मोकळ्या जागेत रंग घुसणार. म्हणजे आतल्या पानांतला आजार, फक्त उलटा. मोठ्या शीर्षकाला काही होत नव्हतं, ते तसंच ठेवलं. नावं मात्र पट्ट्यातून बाहेर काढली आणि खाली कागदाच्या पांढऱ्यावर साध्या काळ्यात छापली.

दुसऱ्यांदा छापून आलेली प्रत मी पुन्हा त्याच भिंगाखाली धरली. पट्ट्यावर निळ्या-गुलाबी ठिपक्यांची दाटी होती आणि वरून सलग काळी चादर. खाली नावं होती, एका शाईची, आजूबाजूला कुठलाही रंग नाही. उघड्या डोळ्यांना मात्र दोन्ही काळे एकसारखेच दिसत होते.