केला, पण कोणी?

समजा, गोदामातल्या साठ्याचा ताळमेळ बसत नव्हता. तीन आठवडे खपून तुम्ही 412 वस्तूंचे पुस्तकी आकडे प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले. तुमचा तक्ता सहकारी मैत्रिणीने टीमच्या मेलवर टाकला : ‘सर, ताळमेळ पूर्ण केला आहे. तक्ता सोबत जोडला आहे.’ साहेबांनी लिहिलं, ‘उत्तम काम!’ तिचं उत्तर आलं, ‘थँक्यू सर.’

तिचं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. त्यात खोटं काही नाही. मराठीत ‘मी केला’, ‘तिने केला’, ‘आम्ही केला’ या तिन्हींत क्रियापद तेच राहतं. कर्ता गाळला, की काम कोणाचं ते कळतच नाही. त्यामुळे त्या वाक्यावरून चोरीचा आरोप करता येत नाही. खटकतं ते ‘थँक्यू सर’. कौतुक चुकीच्या दारी आलंय हे तिला तिथे कळायला हवं होतं.

म्हणून आधी तिलाच फोन करावा. ‘अगं, मेलमध्ये माझं नाव राहिलंय. तू लिहितेस की मी लिहू?’ या प्रश्नात आरोप नाही, पण ‘राहू दे’ म्हणायला जागाही नाही. अनवधानाने झालं असेल तर ती लगेच दुरुस्त करते. टाळाटाळ झाली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी, त्याच मेलला सगळ्यांना उत्तर द्यावं. आठवड्याने लिहिलं तर ते उकरून काढल्यासारखं दिसतं.

उत्तर असं असू शकतं : ‘धन्यवाद सर. हा ताळमेळ मी केला. 37 वस्तूंमध्ये परत आलेला माल दोनदा जमा धरला गेला आहे; त्यांची यादी जोडते आहे. प्रत्यक्ष मोजणीचे आकडे हिने गोदामातून मिळवून दिले, त्याची खूप मदत झाली. परतीच्या नोंदींबद्दल शुक्रवारी बोलूया का?’ ‘हिने’च्या जागी अर्थातच तिचं नाव.

इथे ‘मी’ एकदाच येतो, तोही कामाच्या ओघात. खरा पुरावा 37 वस्तूंचा : जो तक्त्यात बुडाला होता, त्यालाच ते ठाऊक असणार. तिचा खरा वाटा नाव घेऊन सांगितल्याने तिलाही मान खाली घालावी लागत नाही.

बिघडतं ते ‘नम्रपणे निदर्शनास आणू इच्छिते’ अशा भाषेने. तिला वकिली नोटिशीचा वास येतो. साहेबांना गुपचूप वेगळी प्रत पाठवणं त्याहून वाईट, कारण ते उघडकीस आलं की तक्रारखोर तुम्हीच ठरता.

हा उपाय एक-दोनदाच चालतो. तिसऱ्यांदा तेच झालं, तर मेलवर न लिहिता तारखा आणि फाइली घेऊन साहेबांसमोर बसावं. आणि पुढचा तक्ता पूर्ण होताच टीमला स्वतःच पाठवावा, कर्त्यासकट.