कोपराचे पंधरा अंश

26 डिसेंबर 1995. मेलबर्नच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यातली कसोटी. मुथय्या मुरलीधरन ऑफस्पिन टाकतोय आणि पंच डॅरेल हेअर हात आडवा करून ‘नो बॉल’ देतायत. पाय रेषेच्या आतच आहे. मग नो बॉल कशाचा? पंचांचं म्हणणं, हा गोलंदाज चेंडू टाकत नाही, फेकतो. तीन षटकांत सात वेळा त्यांनी हा निर्णय दिला. खरं तर गोलंदाजाचं कोपर बाजूने दिसतं, म्हणून ही जबाबदारी मुख्यतः स्क्वेअर लेगच्या पंचाची मानली जाते. हेअर मात्र गोलंदाजाच्या टोकाला उभे होते.

गल्लीत ‘फेकतोय रे!’ अशी ओरड झाली की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की टाकणाऱ्याचा हात वाकडा दिसतोय. पण हात वाकडा असणं हा क्रिकेटमध्ये गुन्हाच नाही. नियम पाहतो तो वाकलेला हात सरळ होणं. चेंडू टाकताना हात वर येतो, खांद्याच्या रेषेत आडवा होतो. त्या क्षणापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये. हात आडवा असताना कोपर चाळीस अंश वाकलेलं असेल आणि सुटतानाही चाळीसच अंश, तर दिसायला कितीही विचित्र वाटो, चेंडू वैध. उलट आधी वीस अंश वाकलेला हात सुटेपर्यंत पूर्ण सरळ झाला, तर तो फेकी. दगड भिरकावताना आपण नेमकं हेच करतो. कोपराच्या झटक्यातून वेग मिळतो आणि तो झटका गोलंदाजाला मिळू नये, हा या नियमाचा हेतू.

मनगटाला मात्र पूर्ण मुभा आहे. हात डोक्यावरूनच यावा असंही बंधन नाही. पुण्याचा केदार जाधव जवळजवळ जमिनीला समांतर हाताने चेंडू टाकायचा. बघणाऱ्याला हसू यायचं, फलंदाजाची पंचाईत व्हायची, पण त्या आडव्या हातात नियमाविरुद्ध काही नव्हतं.

मुरलीधरनचा हात जन्मापासूनच कोपरात पूर्ण सरळ होत नाही. म्हणजे त्याचा हात कायम वाकलेलाच दिसणार. शिवाय खांदा आणि मनगट इतकं फिरायचं की एका बाजूने पाहणाऱ्याला कोपर झटकल्यासारखं वाटावं. हात स्वतःभोवती फिरत असेल तर वाकलेलं कोपर एका कोनातून वाकडं आणि दुसऱ्या कोनातून सरळ दिसतं. दूरदर्शनवरचा स्लो मोशन पाहून छातीठोक निकाल देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. एका कॅमेऱ्याचं चित्र सपाट असतं आणि कोपराची हालचाल तीन मितींत होते.

म्हणून प्रकरण प्रयोगशाळेत गेलं. तिथे गोलंदाजाला उघड्या अंगाने, पूर्ण धाव घेऊन चेंडू टाकायला लावतात. खांदा, दंड, कोपर, मनगट यांवर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवलेले असतात. भोवतालचे अतिवेगवान कॅमेरे ते गोळे टिपतात आणि संगणक प्रत्येक क्षणाला दंड आणि पुढचा हात यांच्यातला कोन काढतो. मग दोन क्षण शोधायचे: हात आडवा झाला तो आणि चेंडू सुटला तो. या दोहोंमध्ये कोपर किती अंश सरळ झालं, तो आकडा महत्त्वाचा. ऑफस्पिन, दूसरा, बाउन्सर अशा प्रत्येक प्रकारचे अनेक चेंडू टाकून घेतात, कारण एका प्रकारात निर्दोष असलेला हात दुसऱ्यात दोषी ठरू शकतो. दक्षिण आफ्रिकेच्या योहान बोथाचा 2009 मध्ये फक्त दूसरा बंद झाला, ऑफस्पिन चालू राहिला.

आता हा पंधराचा आकडा आला कुठून? पूर्वी फिरकी गोलंदाजाला पाच अंश, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवान गोलंदाजाला दहा अंशांची सूट होती. 2004 मध्ये मुरलीच्या दूसऱ्याबद्दल सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी तक्रार नोंदवली. तपासणीत कोपर सुमारे 14 अंश सरळ होताना आढळलं. सुधारणा करून ते दहाच्या आसपास आणलं, तरी पाचच्या मर्यादेबाहेरच. दूसरा टाकू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. त्याच वर्षी आयसीसीने इतर गोलंदाजांचीही मोजणी केली. त्यात दिसलं की ज्यांच्याकडे कुणी कधी बोट दाखवलं नव्हतं, त्यांचेही हात थोडेफार सरळ होतातच. काटेकोर पाहिलं तर जवळजवळ सगळेच फेकी ठरले असते. शिवाय साधारण पंधरा अंशांच्या आतला फरक उघड्या डोळ्यांना नीट दिसत नाही. तेव्हा 2005 पासून वेगवान असो की फिरकी, सगळ्यांना एकच मर्यादा लागू झाली: पंधरा अंश. मुरलीसाठी नियम वाकवला, असं आजही अनेकजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मोजायला लागल्यावर जुना नियमच कुणाला पाळता येत नव्हता, एवढं कळलं.

काहींचं कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट्या बाजूला झुकतं. बुमराचा हात आठवा. ते झुकणं या पंधरांत धरत नाहीत. हात आडवा असताना कोपर बारा अंश वाकलेलं, मग सरळ झालं आणि पुढे आठ अंश उलटं गेलं, तर हिशेब बाराचाच.

आंतरराष्ट्रीय सामन्यात पंच सहसा मैदानावर नो बॉल देत नाहीत. सामन्यानंतर लेखी तक्रार जाते आणि चौदा दिवसांत मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते. भारतात चेन्नईला असं केंद्र आहे. निकाल येईपर्यंत गोलंदाजी करता येते. जानेवारी 2019 मध्ये सिडनीला अंबाती रायुडूने दोनच षटकं टाकली आणि त्याच्यावर तक्रार झाली. तो मुदतीत तपासणीला गेलाच नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याची गोलंदाजी थांबवली. मोहम्मद हाफीजची गोष्ट वेगळी: दोन वर्षांच्या आत तो दुसऱ्यांदा दोषी ठरला आणि 2015 मध्ये वर्षभरासाठी बाहेर बसला.

या पद्धतीची खरी अडचण इथेच आहे. आपली तपासणी चालू आहे हे माहीत असलेला गोलंदाज जपूनच टाकणार. म्हणून तिथला वेग आणि चेंडूला दिलेली फिरकी सामन्यातल्याशी ताडून पाहतात. आवाज नसलेला हळू चेंडू टाकून सुटता येत नाही. पण थकवा प्रयोगशाळेत आणता येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये टाँटनला सरेकडून काउंटी सामना खेळताना शाकिब अल हसनने साठाहून अधिक षटकं टाकली, नऊ बळी घेतले. एकदाही नो बॉल दिला गेला नाही, पण पंचांनी तक्रार केली. तोवर त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला अठरा वर्षं झाली होती आणि सातशेहून जास्त बळी जमा होते. लफबरोच्या तपासणीत तो दोषी ठरला, चेन्नईतही दोषी ठरला. मार्च 2025 मध्ये लफबरोलाच तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा त्याचं कोपर पंधराच्या आत आलं आणि बंदी उठली.