उताराला ताल, पावलाला माप

डोंगरउतारावर प्लॉट घेतला की पहिल्याच पावसात माती खाली घसरते आणि मालक भिंत बांधायचा विचार करतो. बहुतेक जण सिमेंटने चिणलेली सरळसोट भिंत बांधतात आणि दोन-चार पावसाळ्यांत ती मधोमध फुगते. सिमेंट कमी पडलं म्हणून हे घडत नाही, पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते म्हणून घडतं. भिजलेली माती कोरड्या मातीपेक्षा जड असते. त्यात मागे पाणी तुंबलं की त्याचा दाबही भिंतीवर येतो. घाटमाथ्याकडच्या शेतांतल्या जुन्या ताली सिमेंटशिवाय रचलेल्या आहेत. त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जातं, त्यामुळे मागे दाब साठत नाही.

एक उदाहरण घेऊ. अठरा फूट लांबीत जमीन सहा फूट उतरते. इथे सहा फुटांची एकच ताल उभी करू नये, कारण उंची दुप्पट झाली की मातीचा रेटा साधारण चौपट होतो. त्यापेक्षा तीन-तीन फुटांच्या दोन ताली घालाव्यात. वरची ताल खालचीपासून निदान तिच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे सहा फूट मागे असावी, नाहीतर वरचा भार खालच्या तालीवर येतो. इथे नऊ फूट अंतर मिळतं आणि मध्ये लागवडीला चांगला टप्पा तयार होतो.

पाया फूटभर खोल, घट्ट मुरुमापर्यंत खणावा आणि त्याचा तळ किंचित डोंगराकडे कलता ठेवावा. तळाशी भिंत दोन फूट जाड, माथ्यावर दीड फूट. दर्शनी बाजू फुटामागे दोन इंच आत झुकवत न्यावी. सर्वांत मोठे दगड तळाला लावावेत. दगडाची लांब बाजू दर्शनी न ठेवता आत मातीकडे जाऊ द्यावी. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसवावा, म्हणजे उभे सांधे एका रेषेत येत नाहीत. दर तीन-चार फुटांवर एक दगड भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब घालावा. पोकळ्यांत चिपा ठोकून बसवाव्यात. नदीचे गुळगुळीत गोटे घरंगळतात, ते वापरू नयेत. मागे फूटभर रुंदीत खडी भरावी आणि खडी व मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड घालावं, म्हणजे गाळ आत शिरत नाही. वरून येणारं पाणी तालीमागे पोहोचण्याआधीच चर काढून बाजूला वळवावं.

टप्प्यावर आंबा, फणस, वड नको. त्यांची मुळं दगड उचकटतात. तालीच्या कडेला वाळा किंवा गवती चहा लावावा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. आत हळद, सोनटक्का, तगर चालेल. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दिसताक्षणी मुळासकट काढावं.

आता पायऱ्या. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात मांडलेला नियम आजही वापरतात: दोन चढ आणि एक पाऊलठेव यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे चोवीस ते सव्वीस इंच असावी. बागेत चढ सहा इंचांचा बरा, मग पाऊलठेव तेरा इंचांची येते: बारा आणि तेरा, पंचवीस. आपल्या तीन फुटांना सहा चढ लागतात. सहावा चढ टप्प्यावरच नेतो, म्हणून पाऊलठेवी पाचच, म्हणजे पासष्ट इंच. नऊ फुटांतले उरलेले साडेतीन फूट विसाव्याला मिळतात, मग दुसऱ्या तालीचे सहा चढ. पायऱ्या तालीत कापून आत घेतल्या तर ताल दोन्ही बाजूंनी आत वळवून मातीला धरावी लागते.

गवंडी तळापासून अंदाजाने बांधत गेला की उरलेली तूट शेवटच्या पायरीत येते आणि तिथेच माणूस अडखळतो. म्हणून नळीने आधी फरशीसकट पूर्ण उंची मोजावी आणि तिचे सारखे भाग करावेत. प्रत्येक पायरीला पाव इंच पुढे उतार ठेवला तर पाणी साचून शेवाळ धरत नाही.

दर पावसाळ्यानंतर तालीला दोरी लावून पाहा. मधला भाग पुढे आलेला दिसला किंवा मागच्या जमिनीत तालीला समांतर भेग पडली, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा. वरून सिमेंट थापलं तर पाण्याची वाट बंद होते आणि दुखणं वाढतं. तीन-चार फुटांपेक्षा उंच भिंत हवी असेल, किंवा वर गाडी किंवा घर येणार असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्या; ती उंची केवळ गवंड्याच्या अनुभवावर सोपवू नका.