गच्चीवरची वेल आणि निफाडची बाग

ओळख करून देताना आपण बहुधा नाव सांगतो, नोकरी सांगतो आणि वर म्हणतो, "दोघांनाही वाचनाची भारी आवड. तुमचं छान जमेल बघा!" पण वाचनाची आवड म्हणजे एकाची ज्ञानेश्वरी असते, दुसऱ्याच्या रहस्यकथा. सुरुवात कुठून करायची, हे दोघांनाही कळत नाही. मग आपल्याकडचा हमखास प्रश्न येतो, "मूळ गाव कुठलं?" गाव जुळलं तर उत्तमच. पण त्याच्या मागोमाग आडनावाची चौकशी निघते, ती जातीपाशी जाऊन थांबते आणि एखादा आतल्या आत मिटून जातो. हे मला फार लागतं, म्हणून मी आधी विषय पुढे करते.

माझ्या एका मैत्रिणीनं पुण्यात गच्चीवर द्राक्षाचा वेल लावला आहे. तीन वर्षं झाली, पानं भरपूर, घड एकही नाही. माझ्या ऑफिसातल्या मित्राची निफाडला घरची बाग आहे आणि छाटणीला तो रजा काढून जातो. दोघं घरी आले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "हिच्या वेलाला घड धरत नाहीत, आणि याचं बालपण द्राक्षबागेत गेलंय."

त्यानं लगेच विचारलं, "एप्रिलमध्ये छाटता का?"

"नाही, पावसाळ्यानंतर थोडी कात्री लावते."

मग तो रंगला. एप्रिलची खरड छाटणी झाली की नव्या काड्या फुटतात, उन्हाळ्याच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर पडतात. तिनं मोबाइलवरचे फोटो काढले.

एकाला अडलेलं आणि दुसऱ्याला ठाऊक असलेलं, असा सांधा सापडला की सारख्या आवडीची गरज उरत नाही. मात्र अडचण सांगण्याजोगी हवी. आजारपण, मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी यातलं काही समान असलं तरी दोघांनाही आधी एकेकटं विचारल्याशिवाय मी तोंडातून काढत नाही. आणि जाणकाराला नुसतं सल्ल्याचं दुकान करून ठेवायचं नाही. म्हणून मी मध्येच त्याला म्हणाले, "तुझ्या मुलीला गणित जड जातंय ना? ही तेच शिकवते." हे सांगू का, ते त्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं.

जमत नसेल तर ते नजरेवरून कळतं. प्रश्न एकमेकांचे असतात, पण उत्तरं देताना दोघं आपल्याकडे बघतात. अशा वेळी उठून गेलं तर ती दोघं अवघडून बसतात. थांबावं, आणखी एखादा धागा द्यावा. त्या दिवशी पाचेक मिनिटांत तिनं त्याच्याकडेच बघून विचारलं, "पण कुंडी किती मोठी लागेल हो?"

मी चहा ठेवायला आत गेले.