एक डिस्क, दोन मालक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चं नियमित अपडेट देणं थांबवलं आणि जुने पण ठणठणीत लॅपटॉप बाळगणाऱ्यांना लिनक्सचा सल्ला मिळू लागला. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या मुलांना तो त्याआधीपासून मिळतोच. पण विंडोज एकदम सोडवत नाही. कुणाचं टॅली त्यावर असतं, कुणाचे गेम. मग मधला मार्ग निघतो ड्युअल बूटचा: एकाच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम, आणि चालू करताना हवी ती निवडायची. यूट्यूबवरच्या व्हिडिओत हे वीस मिनिटांत उरकतं. त्यात दाखवलेला लॅपटॉप बहुधा रिकामा असतो, तुमचा नसतो.

लिनक्स किंवा विंडोज, कुणीही मुद्दाम दुसऱ्याची माहिती पुसत नाही. अडचण अशी की दोघांनाही आपण डिस्कचे एकटे मालक आहोत असं वाटतं. एकाच जमिनीचे दोन वेगळे सातबारे दोन कपाटांत असावेत, आणि दोघांनी आपापला खरा मानून नांगर घालावा, तसा हा प्रकार आहे.

नेहमीचा एक लॅपटॉप समोर ठेवू. विंडोज ११, ५१२ जीबीची एसएसडी (विंडोज ती ४७६ जीबी दाखवतं, कारण मोजण्याची पद्धत वेगळी). सुरुवातीला बूटसाठीचा शे-दोनशे एमबीचा छोटा भाग, शेवटी दुरुस्तीसाठी राखलेला भाग, आणि मधली जवळपास सगळी जागा म्हणजे सी ड्राइव्ह. त्यात २०० जीबी मोकळे आहेत आणि लिनक्सला १०० द्यायचे आहेत.

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन Shrink Volume निवडलं की पहिला धक्का बसतो. मोकळे २०० असताना ते म्हणतं, फार तर १२ जीबी काढता येतील. कारण साधं आहे. सी ड्राइव्हच्या शेवटाकडे काही फायली अशा बसलेल्या असतात की विंडोज चालू असताना त्या हलवता येत नाहीत: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, सिस्टीम रिस्टोअरचा साठा. सीमा त्यांच्या अलीकडे सरकत नाही. त्या सोयी तात्पुरत्या बंद करून, लॅपटॉप रिस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न केला की बहुतेक वेळा आकडा वाढतो. पण इथे माणूस चिडतो, लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून जीपार्टेड उघडतो आणि सीमा बाहेरून सरकवतो. जीपार्टेड चांगलं साधन आहे. मात्र सीमेपलीकडची माहिती आत आणून ठेवण्याचं काम चालू असताना बॅटरी संपली किंवा कुणी पॉवरचं बटण दाबलं, तर निम्मी माहिती जुन्या जागी आणि निम्मी नव्या जागी राहते. फायली कुठे आहेत याची नोंद तेव्हा दोन्हीकडे चुकीची असते. म्हणून जागा विंडोजकडूनच काढावी आणि चार्जर लावून काढावी.

खरा अपघात पुढच्या पायरीवर होतो. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. हे बिटलॉकरचं काम. मालकाला याचा पत्ताही नसतो. उबुंटूच्या इन्स्टॉलरला अशी डिस्क आतून दिसत नाही. तो बिटलॉकर बंद करायला सांगतो किंवा विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्यायच दाखवत नाही. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, उद्या प्रॅक्टिकल असतं, आणि पडद्यावर Erase disk and install Ubuntu हा पर्याय ठळकपणे उभा असतो. मुलाला वाटतं, उबुंटूसाठी ठेवलेली मोकळी जागा पुसली जाईल. पण इथे डिस्क म्हणजे अख्खी डिस्क. चार वर्षांचे फोटो, वडिलांच्या जीएसटीच्या फायली, सगळंच.

‘पुसलेलं परत काढून देणारी’ दुकानं असतात, त्यांच्या भरवशावर राहणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पार्टिशनची नोंद पुसली गेली तरी मजकूर बराच काळ जागेवर राहायचा. टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारखी साधनं तो शोधून काढायची. एसएसडीवर लिनक्स नवी फाइल सिस्टीम घालताना डिस्कला सांगतं की या जागेतलं जुनं काही आता लागणार नाही, आणि डिस्क ते खरंच टाकून देते. याला ट्रिम म्हणतात. त्यातून काही तुकडे उरलेच, तर ते एन्क्रिप्ट केलेले असतात. ज्या नोंदींच्या मदतीने ते उघडायचे, त्या नोंदीही त्याच डिस्कवर होत्या. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की तज्ज्ञाच्याही हाती काही लागत नाही.

बिटलॉकर आणखी एका ठिकाणी आडवा येतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू व्हावा म्हणून अनेकजण सिक्युअर बूट बंद करतात. बिटलॉकरची किल्ली लॅपटॉपमधल्या टीपीएम नावाच्या चिपकडे असते, आणि सुरू होण्याची पद्धत बदललेली दिसली की ती चिप किल्ली देत नाही. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. माहिती डिस्कवर शाबूत असते, पण मालकाला उघडता येत नाही. ही की साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. आता आठवून पाहा, लॅपटॉप घेतला तेव्हा खातं कुणी उघडलं होतं? दुकानातल्या पोराने ‘सेटअप करून देतो’ म्हणत कुठला तरी ईमेल टाकला असेल, तर तुमची की त्या ईमेलवर आहे. म्हणून काहीही बदलण्याआधी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या दोन ओळी चालवाव्यात:

```
manage-bde -status
manage-bde -protectors -get C:
```

पहिली ओळ डिस्क एन्क्रिप्ट आहे की नाही ते सांगते, दुसरी ४८ अंक दाखवते. ते अंक कागदावर उतरवून घ्यावेत. त्याच लॅपटॉपवर जपून ठेवले तर उपयोग शून्य. एन्क्रिप्शन काढायचंच ठरवलं, तर पहिली ओळ Fully Decrypted म्हणेपर्यंत थांबावं. त्याला वेळ लागतो.

समजा इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. दोन्ही सिस्टीम चालू लागल्या, आणि डी नावाचं एक सामायिक पार्टिशन दोघांना मिळालं. आता येतो सगळ्यांत फसवा धोका, कारण तो बसवून झाल्यावर, निर्धास्त असताना गाठतो.

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, विंडोजमधलं Shut down पूर्ण शटडाउन राहिलेलं नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून ते तुमचं लॉगिन बंद करतं, पण सिस्टीमच्या गाभ्याची स्मृती hiberfil.sys या फाइलीत उतरवून ठेवतं. याचं नाव फास्ट स्टार्टअप. डी ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याचा नकाशाही त्या स्मृतीत असतो. विंडोजच्या दृष्टीने ती डिस्क अजून उघडीच आहे.

रात्री तुम्ही विंडोज ‘बंद’ केलं. सकाळी लिनक्समधून डी ड्राइव्हवर प्रोजेक्टची फाइल टाकली, दोन जुने फोल्डर काढून टाकले. दुपारी विंडोज सुरू केलं, तर ते कालच्या रात्रीच्या नकाशासह जागं होतं. नव्या फाइलीची जागा त्या नकाशात मोकळी असते. विंडोज तिथे बिनदिक्कत दुसरं काही लिहू शकतं. मग सकाळची फाइल दिसेनाशी होते, दिसली तरी आत कचरा निघतो, किंवा सुरू होतानाच डिस्कची तपासणी चालते आणि found.000 नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे गोळा होतात. ही खूण दिसली की त्या ड्राइव्हवर एक अक्षरही लिहू नये आणि आधी वाचता येईल ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावं.

लिनक्स या बाबतीत बरंच सावध आहे. त्याचा एनटीएफएस-थ्रीजी हा ड्रायव्हर अशी अर्धवट बंद झालेली डिस्क ओळखतो आणि लिहायला नकार देतो:

```
The disk contains an unclean file system (0, 0).
Metadata kept in Windows cache, refused to mount.
```

हा निरोप पाहून लोक वैतागतात आणि इंटरनेटवर सापडलेली remove_hiberfile किंवा ntfsfix अशी जबरदस्ती करणारी कमांड चालवतात. पहिल्याने विंडोजची साठवलेली स्मृती पुसली जाते. विंडोज खरोखर हायबरनेट केलेलं असेल तर त्यातलं न जपलेलं काम गेलं. दुसरी थोडीशी डागडुजी करून इशारा दूर करते, पण डिस्कची पूर्ण दुरुस्ती करत नाही. बरोबर उपाय अगदी किरकोळ आहे. परत विंडोजमध्ये जावं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून powercfg /h off चालवावं आणि लॅपटॉप पूर्ण बंद करावा. हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. विंडोज सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, एवढीच किंमत.

अपडेटचंही एक उदाहरण आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट लॅपटॉपवर लिनक्स सुरू होईना. पडद्यावर Verifying shim SBAT data failed असा निरोप यायचा. त्यात कुणाच्या फायली पुसल्या गेल्या नव्हत्या. पण अशा वेळी घाबरून सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला बसणं, हाच फायली घालवण्याचा हमखास मार्ग ठरतो.

बॅकअप घ्या, असं प्रत्येक जण सांगतो. तो घेतल्यावर ती एक्स्टर्नल डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवा, हे फारसं कुणी सांगत नाही. जुन्या लेखांत लॅपटॉपची डिस्क /dev/sda म्हणून दाखवलेली असते. आजच्या एनव्हीएमई एसएसडीचं नाव लिनक्समध्ये /dev/nvme0n1 असतं, आणि sda हे नाव यूएसबीला लावलेल्या तुमच्या बॅकअपच्या डिस्कला मिळू शकतं. जुनी कृती ओळ न् ओळ पाळणारा माणूस मग नेमका बॅकअपच पुसतो. नावाऐवजी आकार पाहावा: ५१२ जीबीची कोणती आणि एक टीबीची कोणती, हे सहज कळतं.

ज्याला कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं टर्मिनल आणि सी-कंपायलर हवा आहे, त्याने या फंदात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोजमध्येच wsl --install ही एक ओळ चालवली की उबुंटू आत येतं आणि पार्टिशनला हात लागत नाही. पूर्ण लिनक्स हवंच असेल आणि लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल, तर वेगळी एसएसडी घ्यावी आणि इन्स्टॉल करताना विंडोजची एसएसडी काढून ठेवावी. दोन्ही शक्य नसेल, तर फायलींची दुसरी प्रत हातात आल्याशिवाय इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावू नये.